ओली लांबी, सुकी लांबी

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी पहिल्यांदा केस कापून घ्यायला पार्लरमध्ये गेले, तेव्हा मला एवढंच सांगायचं ठाऊक होतं, की केस खांद्यापर्यंत हवेत. कापणाऱ्या बाईंनी केस धुतले, कंगव्याने विंचरून पाठीवर ताणून सपाट केले आणि विचारलं, "खभा सुधी ने?" मी होकारार्थी मान हलवली. खांद्याच्या रेषेवर कात्री सरळ फिरली, मग गोल ब्रश आणि ड्रायर घेऊन त्यांनी एकेक बट ओढून वाळवली, आणि आरशात मला माझे केस खरोखरच खांद्याला टेकलेले दिसले. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मी मोठ्या ऐटीत परतले. तिसऱ्या दिवशी न्हायले आणि केस मोकळे सोडून गच्चीवर उन्हात बसले. तासाभराने खाली आले तेव्हा आजीने माझ्याकडे पाहून विचारलं, "अगं, खांद्यापर्यंत म्हणाली होतीस ना? मग हे कानाशी काय घेऊन आलीस?"

त्या वेळी मी बाईंना मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले. आज वाटतं की त्यांनी मी सांगितलं तेच केलं होतं. चूक इतकीच, की खांद्यापर्यंत म्हणताना मी सुक्या केसांबद्दल बोलत होते आणि कात्री ओल्या केसांवर चालली होती, आणि कुरळ्या केसांच्या बाबतीत या दोन वेगवेगळ्या लांब्या असतात, हे आम्हा दोघींपैकी कुणीही मोठ्याने म्हटलं नाही.

गंमत अशी, की त्याच वर्षी मी होम सायन्सला वस्त्रविद्या शिकत होते आणि लोकरीच्या धाग्याला लहर कशी येते यावर परीक्षेत पानभर उत्तर लिहून आले होते. लोकर आणि माणसाचा केस दोन्ही केराटिन या एकाच जातीच्या प्रथिनाचे असतात. 1953 साली होरिओ आणि कोंडो या जपानी संशोधकांनी दाखवलं होतं, की लोकरीच्या तंतूच्या आतल्या गाभ्याचे लांबीच्या दिशेने दोन भाग असतात, ते रंग वेगळ्या प्रमाणात शोषतात, आणि त्यातला एक भाग नेहमी वळणाच्या बाहेरच्या बाजूला तर दुसरा आतल्या बाजूला सापडतो. माणसाच्या केसात ही विभागणी इतकी स्वच्छ नसते, पण कुरळ्या केसाच्या दोन बाजू सारख्या नसतात हे तिथेही खरं आहे, आणि केस ज्या मुळातून उगवतो ते मूळही त्वचेखाली वाकडं असतं. म्हणजे वळण हे केसाच्या घडणीतच असतं. ते पाण्याने येत नाही आणि पाण्याने जातही नाही. हे सगळं मला पाठ होतं, पण स्वतःच्या डोक्यावर ते लागू करण्याचं मला सुचलं नाही.

मग ओल्यात केस लांब का दिसतात? पहिला अंदाज असा येतो की पाणी पिऊन केस लांबत असावा. हे अगदीच खोटं नाही. सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने 1783 साली माणसाच्या केसाच्या याच गुणावर हवेतली आर्द्रता मोजण्याचं उपकरण बेतलं होतं. केस दमट हवेत किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि त्याला जोडलेला काटा सरकतो. पण हे लांबणं फार थोडं असतं, अगदी कोरड्यापासून चिंब भिजेपर्यंत साधारण दोन टक्के. केस पाण्याने जाडीला मात्र चांगला फुगतो, चौदा-पंधरा टक्क्यांनी. याचा अर्थ चाळीस सेंटीमीटरचा केस भिजल्यावर सेंटीमीटरभरदेखील वाढत नाही. माझ्या डोक्यावरची जी एक वीत गायब झाली, तिचा हिशेब या दोन टक्क्यांत बसत नाही.

तो हिशेब वळशांत बसतो. जुन्या टेलिफोनची गुंडाळलेली वायर आठवून पाहावी. ती लोंबते हातभर, पण ताणली तर खोलीच्या दारापर्यंत जाते, आणि त्यात वायर कुठेही लांबलेली नसते. समजा एखाद्या बटेचा वळसा दोन सेंटीमीटर रुंद आहे आणि एका वळशापासून पुढच्या वळशापर्यंत ती चार सेंटीमीटर खाली उतरते. त्या एका वळशात साधारण साडेसात सेंटीमीटर केस खर्ची पडतो. साडेसातातले चारच दिसतात, उरलेले गोल फिरण्यात जातात. आता रुंदी तीच ठेवून दोन वळशांमधलं अंतर आठ सेंटीमीटर केलं, तर दहा सेंटीमीटर केसाला आठ दिसतात. म्हणजे वळसे जितके दाट तितका केस जास्त आटतो, आणि वळसा जरा सैल झाला की दिसणारी लांबी पुष्कळ वाढते. सरळ केसांच्या माणसाला हे चटकन पटत नाही, कारण त्याच्याकडे मूळ लांबी आणि दिसणारी लांबी जवळजवळ एकच असते.

पाणी हा वळसा सैल करतं. केसाच्या आत प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे असतात. गंधकाचे बंध पक्के असतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजनचे बंध कच्चे पण संख्येने खूप असतात, आणि ते पाणी शिरताच सुटतात. भिजलेला केस त्यामुळे मऊ होतो, वाकवायला आणि ताणायला सोपा होतो. शिवाय तो आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी आत घेतो, केसाकेसांच्या मधे अडकलेलं पाणी वेगळंच, आणि हे सगळं ओझं वळशांना खाली ओढत राहतं. वर कंगव्याची ओढ असते. वाळताना पाणी निघून जातं, ओझं उतरतं, गंधकाचे बंध केसाला मूळ वळणाकडे खेचतात, आणि हायड्रोजनचे बंध त्या क्षणी केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात.

या शेवटच्या वाक्यात माझ्या फसवणुकीचा दुसरा भाग आहे. केस ब्रशने ओढून धरून वाळवले, तर कच्चे बंध ताणलेल्या आकारातच जुळतात आणि पुढचं पाणी लागेपर्यंत केस सरळ राहतात. त्यामुळे ड्रायरने गुळगुळीत करून दिलेल्या केसांवरून कापणी कशी झाली हे ठरवता येत नाही. निकाल पहिल्या न्हाण्यानंतर लागतो. वेणी घालून वाळवलेल्या केसांचंही तसंच, आणि रात्री तेल चोपडून ठेवलेल्या केसांनाही तेलाच्या वजनाने थोडी खोटी लांबी येते.

कपड्याची आणि केसाची एक उलटी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. नवं सुती कापड पाण्यात घातलं की आटतं, म्हणून शिवण्याआधी ते भिजवून घेतात, आणि शिंपी वर शिवणीत माया ठेवतो. कुरळे केस पाण्यात सुटतात आणि कोरड्यात आटतात. म्हणून इथे माप कोरड्याचं घ्यायचं, आणि माया मात्र तशीच ठेवायची.

हे सगळं परवा नवरात्राच्या दहा दिवस आधी उपयोगी पडलं. माझी भाची एकोणीस वर्षांची आहे आणि केसांच्या बाबतीत तिने सरळ माझ्यावरच वळण घेतलं आहे. गरब्यात पाठीवर केसांचा घामट भारा नको म्हणून तिला ते खांद्याला टेकतील इतके कापायचे होते. मी तिला म्हटलं, "आधी मोजू या." तिने कपाळाला आठ्या घातल्या. "मावशी, पार्लरमध्ये जाताना कुणी टेप घेऊन जातं का?" मी शिवणाच्या डब्यातून टेप काढली.

मोजणी आम्ही शनिवारी केली, शुक्रवारी न्हाऊन झाल्यावर. न्हाल्यानंतर तिने केस टॉवेलने खसाखसा पुसले नाहीत, वेणी घातली नाही, तेल लावलं नाही, आणि वाळेपर्यंत विंचरलेही नाहीत. मुळाशी बोट लावून दमटपणा नाही ना याची खात्री करून घेतली, कारण वरून सुके वाटणारे दाट केस आतून तासन्‌तास ओले असतात, आणि तेवढ्या ओलीनेही माप चुकतं. एका जागेवर मोजून भागत नाही. डोक्यावर सगळीकडे वळण सारखं नसतं. कुणाकुणाचे मानेवरचे केस सैल आणि टाळूवरचे किंवा कपाळावरचे दाट वळणाचे असतात, पण प्रत्येकीचा नकाशा वेगळा. आम्ही टाळू, मान, दोन्ही कानांवरची बाजू आणि कपाळ अशा पाच जागा घेतल्या. प्रत्येक जागी एक बट वेगळी केली. टेपचं टोक मुळाशी धरून बट जशी लोंबते तशीच तिची लांबी घेतली. मग तीच बट टोकाला दोन बोटांत धरून वळण जेमतेम नाहीसं होईपर्यंत सरळ केली आणि पुन्हा मोजली. जेमतेम यासाठी, की सरळ झाल्यावरही ओढत राहिलं तर केस स्वतःच ताणला जातो. ओला केस तर मूळ लांबीच्या तीस टक्क्यांपर्यंत ताणला जाऊ शकतो, आणि कंगव्याखाली घट्ट धरून कापलेली बट सुटल्यावर वर उडते ती काही अंशी यामुळेच.

टाळूवरची बट सरळ केल्यावर 40 सेंटीमीटर भरली आणि मोकळी 24. म्हणजे शंभरातले साठच दिसतात. मानेवरची सरळ 36, मोकळी 28, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याहत्तर. उजव्या कानावरची 36 ला 24, डाव्या कानावरची 36 ला 26. कपाळावरची सगळ्यात हट्टी निघाली, 30 सेंटीमीटरला जेमतेम साडेसोळा. भाची टेपकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत होती. तिला इतकी वर्षं वाटत होतं, की तिचे पुढचे केस वाढतच नाहीत.

आता हे आकडे हातात घेऊन माझ्या त्या जुन्या पार्लरची कापणी तिच्या डोक्यावर करून पाहू. तिच्या टाळूपासून डोक्याच्या गोलाईवरून खांद्यापर्यंत टेपने 32 सेंटीमीटर भरतात, आणि मानेवरच्या केसांच्या मुळापासून खांद्यापर्यंत 14. ओले केस ताणून खांद्याच्या रेषेवर कापले असते, तर टाळूवरच्या बटेची सरळ लांबी 32 उरली असती आणि वाळल्यावर ती 19 सेंटीमीटरच्या आसपास आली असती. म्हणजे खांद्याच्या 13 सेंटीमीटर वर. मानेवरची 14 उरून वाळल्यावर 11, खांद्याच्या तीन सेंटीमीटर वर. एकाच सरळ रेषेत कापलेल्या केसांच्या वाळल्यावर दोन पायऱ्या झाल्या असत्या. वरचा फुगलेला थर कानाच्या पाळीशी आणि त्याखालून डोकावणारा मानेचा थर. माझी आजी ज्याला कानाशी म्हणाली, तो हा वरचा थर.

हिशेबातून आणखी एक गोष्ट निघाली, जी मला आधी लक्षात आली नव्हती. टाळूवरचे केस मोकळे असताना 24 सेंटीमीटर, आणि खांदा 32 वर. म्हणजे हे केस आजही खांद्यापर्यंत पोचत नाहीत. पाठीवर लोंबतात ते सगळे मानेवरचे आणि खालचे. तिला हवी ती लांबी मिळवायला टाळूवर कात्री लावण्याचं कारणच नव्हतं, टोकं साफ करण्यापुरती सोडून. ओल्यात पाहणाऱ्याला मात्र टाळूचे केसही चांगले पाठीवर आलेले दिसतात, आणि म्हणून ते कापले जातात.

मानेवर तिला सुके 14 हवे होते. 14 ला 0.78 ने भागलं की सरळ लांबी 18 येते. इथे मी शिंप्यासारखी दोन सेंटीमीटर माया ठेवून 20 लिहिले. तिला ते कंजूसपणाचं वाटलं. पण मायेमागे कारण आहे. आज मानेवरच्या बटेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर दिसतात ते 36 सेंटीमीटर केसाच्या वजनाखाली. खालचे सोळा कापले की त्यांचं ओझं वरच्या वळशांवरून उतरतं आणि ते आणखी आखडतात. म्हणून कापण्याआधीचं प्रमाण कापल्यानंतर तंतोतंत टिकत नाही, आणि जितकं जास्त कापावं तितकं ते जास्त बिघडतं. टोकं छाटण्यापुरतं कापायचं असेल तर फरक कळतही नाही. लांब केसांवरून एकदम आखूड कापायचे असतील तर मात्र दोन वेळांत कापावं हे बरं.

बाजूंचं सोपं होतं. कानावरून खांद्यापर्यंत 20 सेंटीमीटर. उजवीकडे त्यासाठी सरळ 30 लागतात, डावीकडे 28, दोन्हींत दोन सेंटीमीटर माया. आरशासमोर दोन्ही बाजू ओढून सारख्या केल्या असत्या तर वाळल्यावर डावी बाजू खाली आली असती. कपाळाला हात लावायचा नाही असं ठरलं, यावर थोडी कुरकुर झाली. कपाळावरचे केस मुळात आखूड, त्यांना वजन नाही, वळण सगळ्यात दाट, आणि चूक झाली तर ती चेहऱ्याच्या मधोमध. भुवईपर्यंत म्हणून ओल्यात कापलेली झुलपं वाळल्यावर कपाळाच्या वरच्या टोकाला जाऊन बसलेली मी पाहिली आहेत.

एक बारीक गोष्ट मात्र मांडायला हवी, कारण ती बोलण्यात हमखास निसटते. पार्लरमध्ये दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक, किती कापायचं. दुसरं, कुठवर ठेवायचं. ओल्या केसांवर चार बोटं कापा म्हटलं, म्हणजे सातेक सेंटीमीटर, तर भाचीच्या टाळूवर वाळल्यावर चारच सेंटीमीटर कमी झालेले दिसतील. हवं त्यापेक्षा कमी कापलं गेलं, फार तर पुन्हा जावं लागेल. खांद्यापर्यंत ठेवा म्हटलं तर चूक उलट्या दिशेला जाते आणि ती परत जोडता येत नाही. म्हणून ज्यांना टेप नको आहे त्यांनी निदान ओल्या केसांवर जागा दाखवू नये, बोटं दाखवावीत.

रविवारी आम्ही रावपुऱ्यातल्या एका लहानशा पार्लरमध्ये गेलो. चालवणाऱ्या बेन साठीच्या आसपासच्या आहेत आणि त्यांनी सवयीने पाण्याच्या स्प्रेची बाटली उचलली. मी म्हटलं, "बेन, कोरडेच कापा." त्यांनी भाचीच्या केसांत बोटं घातली, टाळूची एक बट खाली ओढून सोडली, ती टुणकन वर गेली. "वांकडिया छे," त्या म्हणाल्या, "सुकाया पछी चडी जशे." मी आकड्यांचा कागद पुढे केला. त्यांनी तो नाकाशी धरून वाचला, आणि मानेवरची एकच आतली बट आधी कापून बघू म्हणाल्या. ही युक्ती माझ्या कागदात नव्हती आणि माझ्या कागदापेक्षा ती चांगली आहे. आत झाकल्या जाणाऱ्या एका बटेवर प्रयोग करायचा, ती भिजवून तशीच सुकू द्यायची, आणि कुठे येते ते पाहून बाकीचे कापायचे. सुकण्यासाठी आम्ही पाऊण तास थांबलो. मधे दोन गिऱ्हाइकं आयब्रो करून गेली.

20 सेंटीमीटर ठेवलेली ती बट सुकून साडेचौदावर आली. जुन्या प्रमाणाने ती साडेपंधरावर यायला हवी होती. म्हणजे दोन सेंटीमीटरच्या मायेतला अधिक भाग वजन उतरल्यानेच खाल्ला होता. बेननी कागदाकडे पाहून मान डोलावली आणि उरलेली मानही 20 वर कापली, एकेक बट मोकळी हातात घेऊन, सपाट न विंचरता. टाळूवर फक्त दुभंगलेली टोकं गेली. ड्रायर त्यांनी काढला नाही, मी काढू दिला नसता.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी भाची न्हाऊन आली तेव्हा मानेवरचे केस खांद्याला जेमतेम शिवत होते. उजवी बाजू डावीपेक्षा किंचित वर होती, एवढी तफावत तिने चालवून घेतली. त्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि हवा दमट होती. वस्त्रविद्येच्या प्रयोगशाळेत कापडाची ताकद मोजताना खोलीतली आर्द्रता 65 टक्क्यांवर धरून ठेवतात, कारण हवेतली ओल बदलली की तंतूही बदलतो. डोक्यासाठी अशी खोली नसते. दमट दिवशी तिचे केस जास्त फुगतात, बाजू वर चढते, आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत तेच केस थोडे वेगळे बसतील.

माझ्या त्या जुन्या कापणीचा हिशेबही मी त्याच कागदाच्या मागे करून पाहिला. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, थोडा इकडेतिकडे. टाळूवर तेरा सेंटीमीटर चुकलं असेल आणि शंभरातले साठच दिसत असतील, तर दिसणारे तेरा भरून यायला खरा केस जवळजवळ बावीस सेंटीमीटर वाढायला हवा. बावीस महिने. एम.ए.च्या दोन्ही वर्षांच्या फोटोंत मी ओढणी डोक्यावरून का घेतली आहे, हे भाचीला त्या दिवशी कळलं.